‘माझ्या हातून असं झालं नसतं’ हे वाक्य आयोगापुढे का टिकत नाही

वकीलताई, नमस्कार.

माझ्या आईचं (वय ५४) आमच्या तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. दुसऱ्या दिवसापासून पोट फुगलं, दुखणं वाढतच गेलं. डॉक्टर म्हणत राहिले, ‘गॅस आहे, चालवा त्यांना.’ चौथ्या दिवशी घरी सोडलं. सहाव्या दिवशी ताप आला, डोळे पिवळे झाले. पुण्याला नेल्यावर कळलं की मुख्य पित्तनलिका कापली गेली आहे आणि पोटात पित्त साठलं आहे. २२ दिवस दवाखाना, त्यात काही दिवस आयसीयू, मग अडीच महिन्यांनी दुसरं मोठं ऑपरेशन. आई वाचली. पुण्याचे सर्जन म्हणाले, ‘माझ्या हातून असं झालं नसतं.’ एवढ्यावर हलगर्जीपणा सिद्ध होतो ना? भाऊ म्हणतो, सरळ पोलिसांत जाऊ. या सगळ्याला १४ महिने झाले.

— एक मुलगी, सातारा जिल्हा

नमस्कार,

आई घरी आहेत, हे वाचून बरं वाटलं. आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

पुण्याच्या सर्जनांनी जे म्हटलं ते त्यांनी मनापासून म्हटलं असेल. पण ग्राहक आयोगापुढे त्या वाक्याला फारसं वजन नाही. तिथे विचारला जाणारा प्रश्न वेगळा असतो. अत्यंत निष्णात सर्जनाच्या हातून काय झालं असतं, हे कोणी विचारत नाही. त्याच शाखेचा, बेताचं पण पुरेसं कौशल्य असलेला सर्जन त्या जागी असता तर त्यानं असं वागणं पत्करलं असतं का, हे विचारतात.

ही कसोटी १९५७ मध्ये लंडनच्या एका खटल्यात शब्दांत मांडली गेली. बोलम नावाच्या मनोरुग्णाला १९५४ मध्ये विजेचे झटके देण्याचा उपचार केला होता. स्नायू सैल करणारं औषध दिलं नव्हतं, धरूनही ठेवलं नव्हतं. आचक्यांनी त्यांच्या खुब्याची हाडं मोडली. त्या काळी डॉक्टरांत यावरून दोन तट होते. काही जण ते औषध देत, आणि काही जण औषधाचाच धोका जास्त मानून देत नसत. न्यायाधीशांनी ज्यूरींना सांगितलं की जाणत्या डॉक्टरांच्या एका जबाबदार गटाला जी पद्धत मान्य आहे तिच्याप्रमाणे वागलेला डॉक्टर, दुसऱ्या गटाचं मत उलट आहे एवढ्यावरून, दोषी ठरत नाही. बोलम हरले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात हीच कसोटी स्वीकारली आणि एक गोष्ट ठासून सांगितली: डॉक्टरचं वागणं उपचाराच्या दिवशी जे ज्ञान उपलब्ध होतं त्यावरून तोलायचं, निकाल लागल्यानंतरच्या शहाणपणावरून नाही.

म्हणून ‘मी वेगळं केलं असतं’ हा केवळ मतभेद झाला. ‘असं कुठलाच सक्षम सर्जन करणार नाही, आणि त्याचं कारण हे’ असं कोणी सांगितलं, तर तो पुरावा.

पण याचा अर्थ दोन डॉक्टर साक्षीला आणून ‘आम्हीही असंच करतो’ म्हटलं की सुटका, असा नाही. पुष्कळ वकीलसुद्धा इथे चुकतात. १९८४ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात २ वर्षांच्या मुलाला श्वास घेता येईना. नर्सने डॉक्टरला दोनदा बोलावलं, डॉक्टर आली नाही. मुलाचं हृदय थांबलं आणि मेंदूला कायमची इजा झाली. त्या बोलिथो खटल्यात १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने म्हटलं की तज्ज्ञाचं मत तर्काच्या कसोटीवर उतरलं पाहिजे. धोका आणि फायदा दोन्ही तोलून ते मत बनलेलं दिसलं नाही, तर ते कितीही मोठ्या डॉक्टरचं असलं तरी न्यायालय बाजूला ठेवू शकतं. प्रामाणिकपणे सांगते, ते कुटुंब खटला हरलं, कारण त्या प्रसंगात तज्ज्ञांचं मत तर्काला धरून आहे असं ठरलं. पण तत्त्व राहिलं. आपल्याकडे २०१९ मध्ये भोपाळच्या एका डेंग्यूच्या मृत्यूच्या खटल्यात, अरुणकुमार मांगलिक प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने हाच धागा पकडला. औषध कुठलं दिलं यावर तो खटला उभा नव्हता. सकाळी दाखल केल्यावर रक्ताची तपासणी झाली, आणि डेंग्यूत ती पुन्हा पुन्हा करणं हाच उपचाराचा कणा असूनही पुढची तपासणी संध्याकाळपर्यंत झाली नाही. त्या दिवसभराच्या रिकाम्या जागेला न्यायालयाने हलगर्जीपणा म्हटलं आणि १५ लाखांची भरपाई दिली.

ही रिकामी जागा ध्यानात ठेवा. तुमच्या आईचं प्रकरण तिच्याभोवतीच फिरणार आहे.

माझा सल्ला असा की ऑपरेशन आणि त्यानंतरचे पाच दिवस, या दोन गोष्टी वेगळ्या करा. रागाच्या भरात त्या एकच वाटतात. आयोगापुढे त्यांची वजनं फार वेगळी पडतात.

आधी ऑपरेशन. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिकेला इजा होणं हा जगभर माहीत असलेला धोका आहे. हजारात तीन ते पाच वेळा तो घडतो आणि मुरलेल्या सर्जनांच्या हातूनही घडतो. सूज आलेली असते, सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, आणि पित्ताशयाची छोटी नळी समजून मुख्य नलिकेवरच क्लिप लागते. म्हणून ‘नलिका कापली गेली’ एवढं सिद्ध करून तुम्ही जिंकणार नाही. विचारायचं ते हे: कापण्याआधी सर्जनने ओळख पटवली होती का? यासाठी जगभर शिकवली जाणारी रीत अशी की यकृताला लागून असलेला भाग मोकळा करायचा आणि पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, स्वच्छ दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. दिसत नसेल तर थांबायचं, पोट उघडून करायचं, किंवा पित्ताशयाचा थोडा भाग तसाच ठेवून बाहेर यायचं. ऑपरेशन नोटमध्ये हे लिहिलेलं असलं पाहिजे. अनेक ठिकाणी या ऑपरेशनचं रेकॉर्डिंगही होतं. ते असेल तर मागाच. नोटमध्ये सगळं नीट लिहिलेलं असेल, शरीररचना अवघड होती असं नमूद असेल, तर या टप्प्यावर डॉक्टरांची बाजू भक्कम आहे हे मान्य करून पुढे जायचं.

आता ते पाच दिवस. ‘गॅस आहे’ हे म्हणणं पहिल्या दिवशी अजिबात चुकीचं नाही. या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यानं पोट आणि खांदाही दुखतो. पण ते दुखणं एक-दोन दिवसांत उतरतं. हे ऑपरेशन झालेला माणूस रोज थोडा थोडा सुधारत जातो. जो रोज बिघडत जातो, ज्याचं पोट फुगत जातं, नाडी चढत जाते, त्याच्या पोटात काहीतरी गळतंय हे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत गृहीत धरायचं, असं सर्जरीच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. पित्तनलिकेच्या बहुतेक इजा ऑपरेशनच्या वेळी लक्षात येतच नाहीत, म्हणून तर नंतरचे दिवस इतके मोलाचे. त्यासाठी करायचं काय, तर रक्तातलं बिलिरुबिन आणि पांढऱ्या पेशी बघायच्या, एक सोनोग्राफी करायची. या तपासण्या तालुक्यालाही होतात. त्या स्वतःकडे शक्य नसतील तर रुग्ण वेळेत पुढे पाठवायचा, हाही उपचाराचाच भाग.

बोलम आणि बोलिथो दोन्ही इथे लावून बघा. दुखणं वाढत असताना, पोट फुगलेलं असताना, एकही तपासणी न करता चौथ्या दिवशी घरी पाठवणं बरोबर, असं म्हणणारा डॉक्टरांचा जबाबदार गट आहे का? आणि असला, तर त्याच्याजवळ कारण काय? सोनोग्राफीत धोका नाही, खर्च थोडा, आणि न केल्याची किंमत पोटभर पित्त. या बाजूने तर्क उभा करणं फार अवघड आहे. तुमची केस जिथे आहे ती इथे.

आता एक जुना निकाल सांगते. तो आपल्या मातीतला आहे आणि मी प्रत्येक नव्या ज्युनिअरला वाचायला लावते. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर २० वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. गावच्या डॉक्टरांनी फळ्या बांधल्या, मग स्प्लिंट लावली, आणि टॅक्सीने सुमारे २०० मैलांचा प्रवास करून मुलाला पुण्यात आणलं. वडील गोडबोले स्वतः डॉक्टर, दौंडला प्रॅक्टिस करणारे. डॉ. जोशींच्या दवाखान्यात दुपारी दाखल केलं, संध्याकाळी साडेपाचला ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आणलं, आणि रात्री नऊच्या सुमारास मुलगा गेला.

डॉक्टरांचं म्हणणं होतं की त्यांनी हाड बसवलंच नाही, नुसतं हलकं ताणून पाय स्थिर केला, आणि मृत्यू रक्तात चरबीची गुठळी गेल्यानं झाला. वडील प्लास्टरच्या वेळी खोलीत होते. त्यांचं म्हणणं, भूल न देता तीन माणसांच्या मदतीने जोर लावून हाड बसवलं आणि त्या धक्क्यानं मुलगा गेला. कसोटी काय असावी यावर तिथे खरा वाद नव्हता. अशा रुग्णाचं हाड भूल न देता जोरानं ओढायचं नाही, हे सर्वांनाच ठाऊक होतं. वाद होता त्या खोलीत प्रत्यक्ष घडलं काय याचा. न्यायालयांनी वडिलांवर विश्वास ठेवला. खालच्या कोर्टाने ३,००० रुपये भरपाई दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. त्या निकालातली एक विभागणी आजही वापरली जाते: रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो देताना काळजी. कौशल्य अत्युच्च नको, पण अगदी खालचंही चालणार नाही, हेही त्यातलंच.

तुमच्यासाठी यातला मुद्दा हा, की हलगर्जीपणाची बरीच प्रकरणं तत्त्वावर कमी आणि ‘त्या दिवशी काय झालं’ यावर जास्त जिंकली-हरली जातात. तुमच्या खोलीत डॉक्टर वडील नव्हते. तुमचा साक्षीदार म्हणजे केसपेपर.

तो आजच मागा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रं ३ वर्षं जपायची असतात आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची असतात. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन परत येऊ नका. ऑपरेशन नोट, संमतीपत्र, भूलतज्ज्ञाची नोंद, आणि सगळ्यात महत्त्वाचा तो नर्सिंग चार्ट मागा. नाडी, ताप, लघवी, पोटाचं दुखणं याच्या तासातासाच्या नोंदी नर्स करतात, आणि त्या कोणाची बाजू घ्यायला लिहिलेल्या नसतात. ‘रुग्ण बरी आहे’ असं डॉक्टरांच्या नोंदीत आणि त्याच वेळी चार्टवर नाडी ११० असं दिसलं, तर ती एक ओळ माझ्या दृष्टीने दहा साक्षीदारांच्या तोडीची. चार्ट दिलाच नाही, किंवा सगळ्या दिवसांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या, तर तेही आयोगाच्या नजरेस आणायचं.

पुण्याच्या सर्जनांना साक्षीला बोलावण्याचा आग्रह धरू नका. बहुतेक डॉक्टर तयार होत नाहीत आणि त्यांच्यावर रागावण्यातही अर्थ नाही. त्यांची डिस्चार्ज समरी मात्र सोन्यासारखी जपा. पोटातून किती पित्त काढलं, नलिका नेमकी कुठे कापली होती, आत जंतुसंसर्ग किती होता, हे त्यात असतं, आणि ते भांडण सुरू होण्याआधी लिहिलेलं असतं.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही. २०१० च्या किशन राव निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. पण तुमच्या प्रकरणात घ्या. एखाद्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्जरीच्या प्राध्यापकांचं मत मिळालं तर उत्तम. आयोगही स्वतःहून अशा मंडळाकडे कागद पाठवू शकतो. मत मागताना ‘चूक झाली का?’ असं विचारू नका. त्याला ‘अशा गुंतागुंती होऊ शकतात’ हेच उत्तर येईल, आणि तो कागद तुमच्यावर उलटेल. प्रश्न टोकदार हवा: तिसऱ्या दिवशी रुग्णाची ही ही लक्षणं नोंदलेली असताना रक्ततपासणी आणि सोनोग्राफी न करण्यामागे मान्य होण्याजोगं वैद्यकीय कारण आहे का? असलं तर कोणतं?

एक अवघड गोष्ट राहिली, आणि ती कोणी आधी सांगत नाही. हलगर्जीपणा सिद्ध झाला तरी त्यानं नुकसान काय झालं, हे वेगळं दाखवावं लागतं. नलिका पहिल्याच दिवशी कापली गेली होती. दुसऱ्या दिवशी ओळखलं असतं तरी ती जोडायचं ऑपरेशन बहुधा टळलं नसतंच. डॉक्टरांचे वकील हेच म्हणणार, आणि त्यात तथ्य आहे. तेव्हा उशिरानं काय वाढलं ते मोजा. पित्त पोटात साचून झालेला जंतुसंसर्ग, आयसीयूचे दिवस, पोट निवळेपर्यंत थांबावं लागल्यामुळे लांबलेलं दुसरं ऑपरेशन, त्या महिन्यांत आईंनी पोटाला नळी लावून काढलेले दिवस, तुमची बुडालेली कमाई. पुण्याच्या बिलातला कुठला भाग उशिराचा आणि कुठला मूळ इजेचा, हे त्याच तज्ज्ञांना विचारून घ्या. सगळंच बिल मागितलं की सगळंच संशयास्पद वाटू लागतं.

हे मी पोळून शिकले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असंच एक प्रकरण होतं. तक्रारीत आम्ही सगळं घातलं: ऑपरेशन नकोच होतं, संमती नीट घेतली नाही, स्वच्छता नव्हती, बिल फुगवलं, आणि कुठेतरी मध्येच, की चार्टवर दोन दिवस ताप असूनही कोणी बघितलं नाही. बाकीचे आरोप एकेक करून गळाले आणि त्यांच्याबरोबर तो तापही गेला. आम्ही हरलो. तो एकच मुद्दा घेऊन उभे राहिलो असतो, तर निकाल वेगळा लागता, असं मला आजही वाटतं. त्या घरच्यांची क्षमा मी मागितली आहे.

भावाला सांगा, पोलिसांत जाणं सध्या राहू दे. जेकब मॅथ्यू निकालानेच फौजदारी गुन्ह्यासाठी फार वरची पातळी ठरवली आहे. साधा हलगर्जीपणा पुरत नाही. कोणताही शहाणा डॉक्टर करणार नाही असा ढोबळ, बेदरकार निष्काळजीपणा दिसावा लागतो, आणि पोलिसांनाही कारवाईआधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या, तटस्थ मत घ्यावं लागतं. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसत नाही. फौजदारीतून डॉक्टर सुटले तर तोच कागद दिवाणी बाजूला ते पुढे करतील. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण तिथे डॉक्टरवर कारवाई होते, भरपाई मिळत नाही.

तुमची जागा जिल्हा ग्राहक आयोग. खासगी दवाखान्यातला पैसे देऊन घेतलेला उपचार ही ‘सेवा’ आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं. पहिल्या दवाखान्याला भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत २ वर्षांची, आणि ती पहिल्या ऑपरेशनच्या तारखेपासून धरून चला. कुठून मोजायची यावर नंतर वाद घालण्यापेक्षा ते बरं. म्हणजे तुमच्या हातात १० महिने आहेत. कागद मिळायला एक-दोन महिने, तज्ज्ञाच्या मताला दोन-तीन महिने लागतील. तेव्हा कागद मागण्याचा अर्ज या आठवड्यात गेला पाहिजे.

आणि आईंशी एकदा निवांत बसा. कुठल्या दिवशी, कोणत्या वेळी त्यांनी कोणाला ‘फार दुखतंय’ म्हणून सांगितलं, कोण काय म्हणालं, हे त्यांच्या शब्दांत तारीखवार लिहून घ्या. तुम्ही सुचवू नका, दुरुस्त करू नका. आठवत नसेल तिथे ‘आठवत नाही’ असंच लिहा. चार्ट हाती आला की दोन्ही शेजारी ठेवून वाचा, आणि मग मला पुन्हा लिहा.